‘ताठ बस’ म्हणून न जाणारा बाक : वाढत्या वयात मणके पाचरीसारखे होतात तेव्हा

आठवी-नववीतल्या मुलाची पाठ दुखते म्हणून एक्स-रे काढला जातो. रिपोर्टमध्ये ‘अँटीरियर वेजिंग’, ‘श्मोर्ल्स नोड्स’ असे शब्द येतात आणि शेवटी प्रश्नचिन्हासह एक परदेशी नाव असतं : शॉयरमन. आई-वडील रात्री मोबाइलवर ते नाव शोधतात. समोर एकीकडे ऑपरेशनचे फोटो येतात, दुसरीकडे ‘एकवीस दिवसांत पाठ सरळ करा’ असे व्हिडिओ. दोन्हींतून मुलाच्या पाठीचं पुढे काय होणार याचं उत्तर मिळत नाही. ते उत्तर बहुतेक वेळा रिपोर्टमधल्या शब्दांपेक्षा दोन गोष्टींवर ठरतं : बाक किती अंशांचा आहे, आणि मुलाची वाढ अजून किती शिल्लक आहे. हा आजार नीट समजला की या दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात हे आपोआप लक्षात येतं.

पाठीला थोडा बाक असायचाच असतो

पाठीचा कणा बाजूने पाहिला तर सरळ काठीसारखा नसतो. मान थोडी पुढे झुकलेली, छातीमागचा भाग मागे फुगलेला, कंबर पुन्हा आत गेलेली. छातीमागच्या भागात बारा मणके असतात आणि त्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. या बारा मणक्यांचा मागे फुगलेला बाक साधारण २० ते ४५ अंशांपर्यंत असला तर तो नॉर्मल समजतात.

हा कोन मोजण्याची पद्धत सोपी आहे. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर बाकाच्या वरच्या टोकाच्या मणक्याच्या माथ्याला समांतर एक रेघ मारायची, खालच्या टोकाच्या मणक्याच्या तळाला समांतर दुसरी, आणि त्या दोन रेघांमधला कोन मोजायचा. याला कॉब कोन म्हणतात. यापुढे ‘बाक ६० अंश’ असं लिहिलं की हाच कोन समजायचा.

मणका पाचरीसारखा होतो म्हणजे नेमकं काय

मणक्याचा पुढचा भाग जाड दंडगोलासारखा असतो. निरोगी मणक्यात याची पुढची आणि मागची उंची जवळजवळ सारखी असते. शॉयरमनच्या आजारात मागची उंची नीट वाढते, पण पुढची मागे पडते. बाजूने पाहिलं तर चौकोनाऐवजी पाचर दिसते : छातीकडे निमुळती, पाठीकडे जाड. रिपोर्टमधलं ‘अँटीरियर वेजिंग’ ते हेच.

गवंडी दाराची कमान रचतो तेव्हा तो एका बाजूला निमुळत्या घडवलेल्या विटा वापरतो. प्रत्येक वीट थोडीशीच तिरपी असते, पण त्या ओळीने लावल्या की आपोआप गोलाई येते, आणि मग ती कमान ढकलून सरळ करता येत नाही, कारण गोलाई विटांच्या आकारातच असते. इथे तेच होतं. एका मणक्याचा फरक बघितला तर तो फार लहान असतो. समजा मणका पुढून मागे २८ मिलिमीटर खोल आहे. त्याची पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त अडीच मिलिमीटरने बुटकी राहिली तरी ५ अंशांची पाचर तयार होते. पाच मिलिमीटरचा फरक पडला तर १० अंशांची. असे तीन-चार मणके सलग आले की पाठ गोल दिसायला लागते.

म्हणूनच निदानासाठी सर्वाधिक वापरली जाणारी अट अशी आहे : एकाला एक लागून असलेले किमान तीन मणके, आणि त्यातला प्रत्येक किमान ५ अंशांनी पाचरीसारखा झालेला. ही अट सोरेन्सन या डॅनिश डॉक्टरांनी १९६४ मध्ये मांडली. आजाराला ज्यांचं नाव आहे ते होल्गर शॉयरमन हेही डेन्मार्कचेच. त्यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की किशोरवयातल्या काही मुलांचा बाक स्नायू ढिले पडल्यामुळे आलेला नसतो, हाडांचाच आकार बदललेला असतो. हे त्यांना दिसलं, कारण त्यांनी एक्स-रे बाजूने काढले. समोरून काढलेल्या एक्स-रेत हा बदल सहज सुटतो. आजही फक्त समोरचा एक्स-रे काढून ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मूल घरी पाठवलं जाऊ शकतं, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवावी.

रिपोर्टमधले ‘श्मोर्ल्स नोड्स’ म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीचा मऊ गर वरच्या किंवा खालच्या मणक्यात घुसून पडलेले छोटे खळगे. ऐकायला भयंकर वाटतं, पण पाठीचा काहीही त्रास नसलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही ते सापडतात. एकटे खळगे दिसले म्हणजे शॉयरमन झाला असं नाही.

हे होतं कशामुळे

मणक्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर कूर्चेचा, म्हणजे कुरकुरीत मऊ हाडाचा, पातळ थर असतो. वाढ तिथेच होते. या आजारात तो थरच कच्चा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याला बळकटी देणाऱ्या तंतूंची रचना विस्कटलेली आणि काही ठिकाणी तंतू कमी दिसतात. आपण उभे असलो किंवा बसलो की छातीमागच्या मणक्यांच्या पुढच्या बाजूवर जास्त दाब येतो. मजबूत कूर्चा तो सहन करते. कच्च्या कूर्चेच्या बाबतीत मात्र पुढची वाढ मंदावते आणि मागची चालू राहते.

दाब वाढला की हाडाची वाढ मंदावते आणि कमी झाला की वेग घेते, हे ह्यूटर आणि फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं. इथे त्यातून एक दुष्टचक्र सुरू होतं. पुढची बाजू बुटकी राहिली की बाक वाढतो, बाक वाढला की पुढचा दाब आणखी वाढतो, आणि वाढ आणखी मागे पडते. उंची झपाट्याने वाढायच्या वर्षांत हे चक्र सर्वांत जोरात फिरतं. म्हणूनच बाक बहुधा १२ ते १६ या वयात लक्षात येतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या एक्स-रेत तो क्वचितच ओळखता येतो, आणि वाढ थांबली की चक्रही बहुतेकांच्या बाबतीत थांबतं.

कूर्चा कच्ची का असते, याचं मोठं उत्तर आनुवंशिकतेत आहे. २००६ मध्ये डेन्मार्कमधल्या हजारो जुळ्यांच्या पाहणीतून असं दिसलं की हा आजार कोणाला होणार यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा जनुकांचा आहे. आजोबांची, काकांची पाठ अशीच होती, ही घरात सहज बोलली जाणारी गोष्ट म्हणूनच डॉक्टरांना जरूर सांगावी.

‘पण तो मुद्दामच पोक काढून बसतो ना?’

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात असतो, आणि तो चुकीचा नाही. पोक काढून बसणारी मुलं शॉयरमनच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पण दोन्हींतला फरक घरीही बऱ्यापैकी कळू शकतो.

मुलाला शर्ट काढून उभं करा आणि बाजूला उभे राहा. आता त्याला गुडघे न वाकवता, दोन्ही हात जोडून पुढे वाकायला सांगा. सवयीने पोक काढणाऱ्या मुलाची पाठ वाकताना एकसारखी, सलग गोलाई घेते. शॉयरमनच्या मुलाच्या पाठीवर खांद्यांच्या पात्यांच्या खालच्या टोकांच्या आसपास बाक अचानक तीव्र होतो. वर थोडी सपाट, मग एका टप्प्यावर टोकदार वळण, मग पुन्हा सपाट, अशी ती रेघ दिसते.

नंतर त्याला पालथं झोपवा आणि हातांचा आधार घेऊन छाती वर उचलायला सांगा, भुजंगासनात उचलतात तशी. सवयीचा पोक इथे नाहीसा होतो, पाठ आत जाते. शॉयरमनचा बाक मात्र तसाच राहतो, फक्त कंबर आत वाकते. या मुलांची कंबर उभं असतानाही जरुरीपेक्षा जास्त आत गेलेली असते, कारण डोकं समोर ठेवायला शरीराला खाली भरपाई करावी लागते. मांडीमागचे स्नायूही बहुतेकदा आखडलेले असतात. पाय सरळ ठेवून बोटं जमिनीला टेकवायला सांगितलं तर हात पोटरीच्या मध्यावरच अडकतात.

या दोन चाचण्यांनी निदान होत नाही, पण एक्स-रे काढावा की नाही हे ठरवायला त्या पुरेशा आहेत. आणि पालथं झोपल्यावरही बाक जात नसेल तर एक गोष्ट त्याच दिवशी थांबवावी : येता-जाता पाठीवर थाप मारून ‘ताठ बस’ म्हणणं. त्या मुलाला ताठ बसता येतच नाही. वर्षानुवर्षं आळशी ठरवलं गेलेलं मूल शर्ट बदलायलाही खोलीचं दार लावून घेतं, पोहायला जाणं टाळतं, वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत उभं राहतं. पाठीच्या दुखण्याइतकाच हा त्रास खरा आहे.

‘दप्तराचं ओझं आणि मोबाइल, दुसरं काय!’

जड दप्तराने पाठ आणि खांदे दुखतात. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरणही सांगतं आणि ते पाळायलाच हवं. मोबाइलवर तासनतास मान वाकवल्याने मानेचे स्नायू दुखतात हेही खरं. पण निरोगी कूर्चेच्या मणक्यांना दप्तर किंवा मोबाइल पाचर बनवतो, याचा पुरावा नाही. एकाच वर्गातली चाळीस मुलं तेवढंच दप्तर वाहतात आणि त्यातल्या एखाद्याचेच मणके बदलतात.

यांत्रिक दाबाचा वाटा अजिबात नाही असंही म्हणता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी युरोपात अंगमेहनतीचं काम शिकणाऱ्या उमेदवार मुलांमध्ये हा बाक इतका दिसायचा की जर्मनमध्ये त्याला उमेदवारांचा बाक असंच म्हणत. ज्या मुलाची कूर्चा मुळातच कच्ची आहे, त्याच्यावर पडणारं ओझं त्या दुष्टचक्राला बळ देत असणार, असा अंदाज रास्त आहे. म्हणून निदान झाल्यावर दप्तर हलकं करावं, पण ‘तेव्हाच दप्तर हलकं केलं असतं तर’ असं म्हणून आईने स्वतःला दोष देत बसू नये.

उंची किती जाते

बाक वाढला की उंची दोन वाटांनी जाते. पहिली वाट भूमितीची. छातीमागचा कणा साधारण २७ सेंटिमीटर लांब धरला आणि त्याचा बाक ४० वरून ७५ अंशांवर गेला, तर टोकापासून टोकापर्यंतचं सरळ अंतर सुमारे सव्वा ते दीड सेंटिमीटरने घटतं. कंबर जास्त आत गेल्यामुळे तिथेही थोडी उंची खर्च होते. दुसरी वाट हाडाची. प्रत्येक पाचरीची पुढची बाजू काही मिलिमीटर कमी वाढलेली असते आणि ती वाढ राहूनच जाते. सगळं मिळून अशा बाकात दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात. बाक शंभर अंशांच्या घरात गेला तर त्याहून जास्त.

ही घट फक्त धडात होते. हात-पाय त्यांच्या गतीने वाढत राहतात. त्यामुळे दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजलेली लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त भरते. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पुष्कळांत असतो, काहींचे हात मुळातच लांब असतात, पण दर सहा महिन्यांनी दोन्ही मापं लिहून ठेवली आणि अंतर वाढत गेलं तर ती सांगण्याजोगी गोष्ट आहे. श्वासाची चाचणी करतानाही बाक असलेल्या मुलाची फुप्फुसं किती मोठी असायला हवीत हे उंचीवरून न काढता या हातांच्या लांबीवरून काढतात, कारण त्याची मोजलेली उंची त्याच्या खऱ्या वाढीपेक्षा कमी असते.

आपल्याकडे आधी एक गोष्ट बाजूला काढावी लागते

जगातले क्षयरोगाचे सुमारे पाव रुग्ण भारतात आहेत, आणि क्षयरोग मणक्यातही होतो. तिथेही पाठीला कुबड येतं. उपचार पूर्ण वेगळे, आणि उशीर झाला तर पाय लुळे पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून आपल्याकडे पाठीला बाक आलेल्या मुलाच्या बाबतीत हा विचार आधी व्हायला हवा.

फरक सहसा असा दिसतो. क्षयरोग बहुधा लागून असलेल्या दोन मणक्यांना आणि त्यांच्यामधल्या चकतीला खातो, त्यामुळे कुबड एकाच जागी टोकदार उभं राहतं आणि त्या जागी दाबलं की दुखतं. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, भूक मरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं ही त्याची साथ. खोकला असेलच असं नाही. शॉयरमनच्या मुलाला ताप नसतो, वजन घटत नाही. बाक अनेक मणक्यांवर पसरलेला असतो आणि दुखणं शाळेतून आल्यावर किंवा बराच वेळ बसल्यावर वाढतं, झोपलं की कमी होतं.

पायात अशक्तपणा, चालताना पाय अडखळणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठायचा, कारण कोणताही असो.

एका मुलाचे आकडे

समजा मुलगा चौदा वर्षांचा आहे. उंची १६६ सेंटिमीटर, हातांची लांबी १७३. वर्षभर पाठीच्या मधोमध दुखतंय, पालथं झोपल्यावरही बाक जात नाही. डॉक्टर उभ्याने, बाजूने, पूर्ण कण्याचा एक्स-रे काढायला सांगतात. एक्स-रे काढताना त्याला दोन्ही मुठी गळपट्टीच्या हाडांवर ठेवायला लावतात, कारण हात खाली असले तर दंडाची हाडं मणक्यांवर येतात आणि काही दिसत नाही.

एक्स-रेत बाक ६८ अंश भरतो. छातीमागचे सातवा, आठवा आणि नववा मणका अनुक्रमे ७, १० आणि ८ अंशांनी पाचरीसारखे. सलग तीन, प्रत्येक ५ च्या वर, म्हणजे अट पुरी झाली. या तिघांचे मिळून २५ अंश होतात. उरलेला बाक वर-खालच्या मणक्यांत आणि चकत्यांत वाटलेला आहे, आणि त्यातला काही लवचिक असू शकतो. किती, हे पाहायला त्याला पाठीखाली, बाकाच्या टोकाशी म्हणजे तो सर्वांत फुगलेला असतो तिथे, उशीची घट्ट गुंडाळी ठेवून उताणं झोपवतात आणि पुन्हा बाजूने एक्स-रे काढतात. आता कोन ५४ येतो. म्हणजे १४ अंश अजून हलतात.

यानंतर डॉक्टर कमरेच्या हाडाकडे बघतात. त्याच्या वरच्या कडेवर कूर्चेची एक टोपी असते. ती बाहेरच्या बाजूने आत हाड बनत जाते आणि वाढ किती उरली हे तिच्यावरून शून्य ते पाच या पायऱ्यांत सांगतात. याला रिसर पायरी म्हणतात. आपल्या मुलाची पायरी १ आहे, म्हणजे उंची वाढायची बरीच बाकी आहे. ६८ अंश आणि पायरी १ हे दोन आकडे मिळून सांगतात की चक्र अजून फिरतंय आणि ते उलटं फिरवायला वेळही आहे. हेच ६८ अंश पायरी ५ च्या अठरा वर्षांच्या मुलात असते तर सल्ला पूर्ण वेगळा झाला असता.

व्यायाम आणि योगासनांनी सरळ होईल का

हाडाचा आकार व्यायामाने बदलत नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी त्यांच्याकडे उपचारापूर्वीचा आणि नंतरचा, उभ्याने बाजूने काढलेला एक्स-रे मागावा.

तरीही व्यायाम सगळ्यांना सांगतात, कारण त्याचा उपयोग वेगळ्या जागी आहे. पाठीचे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होतं. मांडीमागचे आखडलेले स्नायू मोकळे झाले की कंबरेवरचा ताण उतरतो. वरच्या उदाहरणातले जे १४ अंश हलत होते, ते हलते ठेवता येतात. पाठ मागे वळवणारे व्यायाम, म्हणजे भुजंगासन, शलभासन, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणं, हे उपयोगी. पोहणंही चांगलं. याउलट वजन घेऊन पाठ पुढे वाकवणारे व्यायाम वाढीच्या वयात टाळावेत, कारण त्यांत नेमका पुढच्या बाजूवर दाब येतो. जिममध्ये नवीन गेलेला पंधरा वर्षांचा मुलगा सर्वांत आधी तेच करतो, हे पालकांनी लक्षात घ्यावं.

बाक ५० अंशांच्या आसपास असेल आणि फारसं दुखत नसेल तर व्यायाम आणि वाढ संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी एवढंच पुरतं. बहुतेक मुलं याच गटात मोडतात.

पट्टा : कोणाला, किती तास

बाक साधारण ५५ ते ७५ अंशांदरम्यान आणि वाढ किमान वर्षभर शिल्लक असेल तर ब्रेस सुचवतात. आपल्याकडे त्याला पट्टाच म्हणतात, पण तो मेडिकलच्या दुकानात मिळणारा, खांद्यांतून अडकवायचा इलॅस्टिकचा पट्टा नव्हे. त्याने खांदे मागे खेचले जातात, मणक्यांच्या पुढचा दाब हटत नाही. खरा ब्रेस मुलाच्या अंगाच्या मापाने बनवतात. तो ओटीपोट आणि कंबर पकडतो, बाकाच्या टोकाला मागून पुढे ढकलतो आणि वर छातीच्या किंवा हनुवटीच्या पातळीवर आधार देतो. अशा तीन जागी दाब दिला की पुढची बाजू मोकळी होते, आणि जे चक्र बाक वाढवत होतं तेच आता पुढच्या वाढीला वेग देतं. वाढ शिल्लक नसलेल्या मुलाला ब्रेसचा उपयोग का नाही, हे यातूनच कळतं.

बाकाचं टोक पाठीच्या वरच्या भागात असेल तर मानेभोवती कडं असलेला मिलवॉकी ब्रेस लागतो. हा अमेरिकेत १९४०च्या दशकात बनला. टोक खाली असेल तर काखेपर्यंतचा, शर्टाखाली झाकला जाणारा ब्रेस चालतो. तो सुरुवातीला दिवसाचे १६ ते २० तास आणि पुढे वाढ संपत येईल तसा कमी कमी करत घालतात. एकूण दीड-दोन वर्षं जातात.

बिघडतं ते इथेच. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्यात प्लॅस्टिकचं कवच अंगावर ठेवणं ही सोपी गोष्ट नाही. आत शिवणी नसलेलं सुती बनियन, दिवसातून दोनदा बदललेलं, आणि कवचाच्या कडेला त्वचा लाल होते का हे रोज पाहणं, याची काळजी घेतली तर घालणं जमतं. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली किंवा साल निघाली तर ब्रेस बनवणाऱ्याकडे कड घासून घ्यायची. खेळाला, अंघोळीला तो काढता येतो. ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेत बाक स्पष्टपणे कमी दिसायला हवा. दिसत नसेल तर ब्रेस नीट बसलेला नाही, आणि तो मुकाट्याने वर्षभर घालत राहण्यात अर्थ नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलाचा बाक ब्रेसमध्ये ५० वर आला आणि दोन वर्षांनी ब्रेस सुटल्यावर ५७ वर स्थिरावला, तर उपचार यशस्वी झाला असंच म्हणायचं. ब्रेस काढल्यावर मिळालेल्या सुधारणेतला काही भाग परत जातो, हे आधीच माहीत असावं.

ऑपरेशनची वेळ कधी येते

बाक ७५ अंशांच्या पुढे गेलेला, वाढतच असलेला, किंवा सगळे उपाय करूनही दुखणं न थांबणारा असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. पाठीमागून मणक्यांत स्क्रू बसवतात, सांध्यांजवळचे हाडाचे छोटे तुकडे काढून कणा लवचिक करतात, दोन सळ्यांवर तो हळूहळू सरळ करतात आणि तेवढे मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकतात. मज्जारज्जूला धक्का पोहोचतोय का हे पूर्ण वेळ यंत्रावर पाहिलं जातं.

हे मोठं ऑपरेशन आहे. अशा ६८३ ऑपरेशनांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी आढाव्यात शंभरातल्या सुमारे चौदा रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली होती. सर्वांत जास्त प्रकार जखमेतल्या जंतुसंसर्गाचे. बाक पूर्ण सपाट करायचा मोह सर्जन मुद्दाम टाळतात. जास्त सरळ केलं तर जोडलेल्या भागाच्या लगेच वर किंवा खाली नवा बाक येतो. म्हणून ‘किती अंशांवर आणणार आणि कुठून कुठपर्यंत जोडणार’ हा प्रश्न ऑपरेशनआधी विचारावा. केवळ शर्टात पाठ बरी दिसावी म्हणून ऑपरेशन करायचं असेल, तर तो निर्णय मुलाने स्वतः, सगळं समजून, घ्यायला हवा. आजी-आजोबांनी लग्नाच्या काळजीने घ्यायचा हा निर्णय नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

ऑपरेशन केलं नाही तर पुढे काय

अमेरिकेतल्या आयोवा इथल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये अशा ६७ जणांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचा सरासरी बाक ७१ अंश होता आणि त्यांच्याकडे सरासरी ३२ वर्षांनी पुन्हा पाहिलं होतं. त्यांची पाठ इतरांपेक्षा जास्त दुखत होती आणि ते कमी अंगमेहनतीची कामं करत होते. पण शिक्षण, कामावरच्या रजा, रोजचं जगणं यात इतरांपेक्षा विशेष फरक नव्हता. फुप्फुसांवर परिणाम दिसला तो बाक शंभर अंशांच्या पुढे गेलेल्यांमध्ये. अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉलपटू हंटर पेन्स याने आपल्याला हा आजार असल्याचं २०१४ मध्ये सांगितलं, तेव्हा तो अव्वल संघातून खेळतच होता.

पाठ दुखण्याची शक्यता मात्र खरी आहे आणि काम निवडताना ती धरून चालावं. पोती उचलण्याचं किंवा दिवसभर वाकून करायचं काम अशा पाठीला जड जातं. वाढ संपल्यानंतर ६०-६५ अंशांवर स्थिर झालेल्या बाकाला सहसा दरवर्षी एक्स-रे लागत नाही. दुखणं वाढलं किंवा बाक वाढल्यासारखा वाटला तरच पुन्हा मोजायचा. तेव्हा तुलनेसाठी जुना एक्स-रे लागतो, म्हणून फिल्म किंवा सीडी जपून ठेवावी, केवळ रिपोर्टचा कागद पुरत नाही.

आणि घरात धाकटं भावंड असेल तर ते दहा-अकरा वर्षांचं झाल्यापासून वर्षातून दोनदा त्याची उंची आणि हातांची लांबी लिहून ठेवावी, आणि त्याच दिवशी त्याला पुढे वाकवून व पालथं झोपवून पाठ बाजूने पाहावी.